रिकाम्या मापाला लाभ

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. यात माझा काही हात नव्हता, पाय होते एवढंच. पण आमच्याकडे पायाळू माणसावर वीज पडते असं मानतात, आणि त्यामुळे आजवर आभाळात जरा खुट्ट झालं की मला घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात नेऊन बसवलं गेलं. लहानपणी आई बसवायची. लग्न होऊन तेरजवळच्या या गावात आले, तेव्हा ते काम सासूबाईंनी हाती घेतलं. त्या मला धान्याच्या कोठीमागं बसवायच्या आणि उंबऱ्यात विळा ठेवायच्या, म्हणजे वीज आलीच तर आधी विळ्यावर जाईल. बाकीची मंडळी ओसरीत बसून चहा पीत गारा बघणार, आणि मी कोठीमागं डासांची संगत करणार. शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाईची ही तऱ्हा होती.

बरं, पायाळूपणाचा तेवढाच हिशेब असता तरी मी सोसलं असतं. पण याच लोकांच्या पाठीत उसण भरली की हीच पायाळू त्यांना लागते. पायाळूनं पाठीला पाय लावला की उसण उतरते म्हणे. कुणीही यावं, ओसरीत पालथं पडावं आणि "बाई, जरा पाय लावा" म्हणावं. परीक्षेचे पेपर बाजूला ठेवून मी किती पाठी तुडवल्या असतील याची गणती नाही. पाठ मोकळी झाली की माणूस दुवा देत जातं आणि ढग आले की तेच माणूस माझ्यापासून चार हात लांब सरकतं. या गोष्टीचा मला जितका संताप येतो तितका दुसऱ्या कशाचाच येत नाही.

कोठीमागं बसून करायचं काय? दाराच्या फटीतून उजेडाची रेघ यायची, जायची, आणि मग केव्हातरी आवाज यायचा. मी लहानपणीच दोन्हींमधलं अंतर मोजायला लागले. कधी वीस व्हायचे, कधी पाच. आकडा कमी होत गेला की आवाज मोठा होत जातो, हे मला कुणी सांगायच्या आधीच कळलं होतं. कारण पुढं शाळेत कळलं आणि मला फार बरं वाटलं. वीज हवेतून जाताना तिथली हवा एका क्षणात भयंकर तापते, तापून फुगते, आणि ते फुगणं म्हणजेच गडगडाट. उजेड आणि आवाज एकाच वेळी, एकाच जागी जन्मतात. उजेड इतक्या वेगानं येतो की आपल्यापुरता तो निघाला तेव्हाच पोचला. आवाज मात्र रमतगमत येतो, एक किलोमीटर यायला त्याला तीन सेकंद लागतात. यात देव रागावत नाही, ढगावर ढग आपटत नाही आणि कुणाचे पाय आधी बाहेर आले याची चौकशीही होत नाही.

हे मी वर्गात दरवर्षी सांगते. मुलांना पटतं. घरात मात्र माझं कुणी ऐकत नव्हतं, एक सासरे सोडले तर. त्यांना आम्ही मामा म्हणतो. मामांना प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं आणि कारण कळलं की ते त्यात आपलं काहीतरी घालतात, त्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. एकदा त्यांनी मला विचारलं, "सूनबाई, उजेड आदी अन् आवाज मागनं, असं का? मला वाटायचं इज पळून जाती अन् ढग मागनं तिला वरडतो."

मी त्यांना बांधावर नेलं. खाली तेरणेच्या पात्रात, बरंच लांब, एक बाई दगडावर गोधड्या धोपटत होती. धोपाटणं गोधडीवर पडताना दिसायचं, आवाज यायचा तेव्हा ते पुन्हा हवेत उचललेलं असायचं. मामा बघत राहिले. मग हसले. "म्हंजी आवाज चालत येतो व्हय! बैलावानी."

"बैलापेक्षा लई जोरात येतो, मामा. पण उजेडाच्या मानानं बैलच."

तीन मोजले की एक किलोमीटर, हेही मी सांगितलं. आणि तिथून माझ्या डोक्याला ताप सुरू झाला.

मामा मोजायला लागले खरे, पण ते मोजणार तर धान्य मोजल्यासारखंच. आमच्याकडे राशीवर धान्य मोजताना पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार असं. राशीपाशी वावगं बोलायचं नाही, 'संपलं' म्हणायचं नाही, 'वाढलं' म्हणायचं, 'नाही' हा शब्द तर जिभेवरसुद्धा आणायचा नाही. याला माझी काही हरकत नाही. ऐकायला गोड वाटतं. पण मामा वीज चमकली रे चमकली की म्हणायचे 'लाभ'. म्हणजे अजून एक सेकंदही गेला नाही आणि यांचा एक आकडा खर्ची पडला. पुढं दोन, तीन, चार. आवाज आला की मला कोठीमागं ऐकू येईल असं जाहीर करायचे, "पाच! लांब हाय." प्रत्यक्षात चारच सेकंद झालेले असायचे.

एकदा आभाळ निवळल्यावर मी बाहेर येऊन म्हटलं, "मामा, चमकली तेव्हा शून्य म्हणा. मग एक."

मामांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी ताटातलं अन्न लवंडलं. "सुन्य? राशीवर सुन्य म्हणू? तोंड हाय का काय हाय तुजं?"

"आत्ता कुठं रास आहे? आपण ओसरीत बसलोय."

"मोजणी ती मोजणी. लाभाबिगर मोजणी व्हत न्हाय."

झालं. शून्य या आकड्यासाठी मी त्या घरात जितका घसा कोरडा केला, तितका सातवीच्या वर्गातही केला नाही. वर आणखी एक गंमत होती. काम थोडं उरलं असेल तर मामांचे आकडे सावकाश चालायचे, आणि काम पुष्कळ उरलं असेल तर पळायला लागायचे. लाभदोनतीनचारपाच! तीन सेकंदांत पाच आकडे. आकडा मोठा आला की वादळ लांब, वादळ लांब असलं की काम चालू. मोजून सावध व्हायचं सोडून हा माणूस मोजून बेफिकीर व्हायला शिकला होता. आवाज कानावर आला म्हणजेच आपण विजेच्या आवाक्यात आलो, पुढची कुठं पडेल ते तिचं तिलाच ठाऊक, हे मी पुन्हापुन्हा सांगायचे. तीस सेकंदांच्या आत आवाज आला की पक्क्या घरात जायचं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडायचं नाही. मामा मान हलवायचे आणि म्हणायचे, "तीस? मंग शेती कवा करावी मानसानं?"

सोयाबीनचे दिवस होते. परतीचा पाऊस दुपार कलली की कुठून ना कुठून उठायचा. रविवार होता म्हणून मीही शेतात गेले होते. मळणी मशीन सकाळी काम उरकून गेलं होतं. दाणे ताडपत्रीवर रास करून ठेवले होते आणि पोती भरणं चाललं होतं. माझा नवरा पहिली पोती ट्रॅक्टरमध्ये घालून गावात टाकायला गेला होता. आमची जीप, पत्र्याच्या टपाची, गाडीवाटेवर उभी होती आणि तिची किल्ली माझ्याकडे होती. पाच बायका कामाला होत्या. त्यांची पुढारी म्हणजे एक म्हातारी, हडकुळी, तोंडाची फटकळ. मागच्याच आठवड्यात तिची उसण मी उतरवली होती, म्हणजे निदान तिच्या म्हणण्यानुसार तरी.

मामा घमेलं राशीत घालायचे, भरून पोत्यात ओतायचे आणि म्हणायचे, "लाभ." मग दोन, तीन. म्हातारी पोत्याचं तोंड धरून उभी होती. धाराशिवच्या बाजूला आभाळ काळंनिळं झालं होतं. आधी नुसतं लुकलुकत होतं, आवाज नव्हता. इतक्या लांबचा आवाज आपल्यापर्यंत पोचतच नाही. मग पहिल्यांदा ढोल लांबवर लोळवल्यासारखा आवाज आला. मी मनगटावरच्या घड्याळात बघत होते. पंचवीस सेकंद.

"मामा, ऐकू आलं. झाका रास आणि चला."

मामांनीही मोजलं होतं. "तेहतीस. धाराशिवाकडंच हाय अजून."

"पंचवीस झाले. आठ-साडेआठ किलोमीटर."

"तुजं घड्याळ मागं पडतंय."

पुढच्या वेळी मी अठरा मोजले, मामांनी पंचवीस. त्यापुढं माझे अकरा, त्यांचे सतरा. रास निम्मीही भरून झाली नव्हती, त्यामुळे आकडे घोड्यावर बसले होते. आवाज आता लांबलचक गडगडत नव्हता, मधूनमधून त्याला धार यायला लागली होती. वीज म्हणजे किलोमीटर-किलोमीटर लांबीची वेडीवाकडी रेघ असते. तिच्या जवळच्या टोकाचा आवाज आधी येतो आणि लांबच्या टोकाचा मागून, म्हणून लांबची वीज गडगडत राहते. जवळची कडाडते. हे मी मामांना त्या क्षणी सांगायला गेले तर ते म्हणाले, "पोतं धर."

वारं सुटलं. बायकांनी हातातलं टाकलं आणि त्या बांधावरच्या लिंबाकडे निघाल्या. त्यांची भाकरीची फडकी आणि पाण्याचा कॅन सकाळपासून तिथंच होता. आसपास दुसरं झाड नव्हतं, सगळ्या रानात तो एकटाच उंच लिंब.

मी ओरडले, "लिंबाखाली नका जाऊ! जीपमध्ये बसा सगळ्या. किल्ली आहे माझ्याकडं."

म्हातारी थांबली. वळली. पदर दातात धरून तिनं माझ्याकडं जरा ओशाळल्यासारखं बघितलं, आणि म्हणाली, "बाई, तुमी बसा जीपमधी. आमी लिंबाखाली हाव की."

"लिंबावर वीज पडते, मावशी. उंच झाड आहे एकटं."

"व्हय, पर..." ती अडखळली. मग एकदाची बोलली, "पर तुमी पायाळू. तुमच्यासंगं कोंडून कसं बसावं? लेकुरवाळ्या हायत्या बाया."

आता मला सांगा, यावर माणसानं काय करावं? समोर ढग, वर लिंब आणि मध्ये या बायका, ज्या माझ्यापासून वाचायला म्हणून नेमक्या तिथं चालल्या होत्या जिथं जाऊ नये. म्हणजे वीज माझ्यावर पडेल की नाही माहीत नाही, पण माझ्यामुळं यांच्यावर पडायची वेळ आली होती. मी इतकी चिडले की मला रडू आलं.

"मागच्या आठवड्यात पाठीवर माझा पाय चालला, आणि आज शेजारी मी चालत नाही?"

म्हातारी खाली बघायला लागली. पण पाऊल काही पुढं टाकीना. पुन्हा लख्ख झालं. मी मोजले, आठ. वाद घालायला वेळ नव्हता. मी जीप उघडली, काचा वर केल्या आणि बाजूला झाले. "मी नाही बसत. मी राशीपाशी जाते. आता तरी बसा. आणि पत्र्याला हात लावू नका." मी दहा पावलं दूर गेले तेव्हा कुठं त्या एकेक करून आत चढल्या. दार आतून लावून घेतलं.

मी राशीकडे निघाले. जन्मभर ज्यांनी मला विजेपासून लपवलं, त्यांच्याच समजुतीनं मला उघड्या रानात आणून उभं केलं होतं. आणि तिथं सासरे ताडपत्रीची कड धरून एकटेच झुंजत होते. वारं ताडपत्री उडवत होतं, ते एक टोक दगडाखाली दाबायचे तोवर दुसरं सुटायचं.

"मामा, सोडा ते. चला."

"आजून नऊ हाय. म्या मोजलं."

"सहा होते."

"नऊ! लाभापासून मोजलं नीट."

"लाभ" ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मी त्यांच्या समोर जाऊन उभी राहिले. सुनेनं सासऱ्याचा रस्ता अडवावा अशी रीत आमच्याकडे नाही, पण तेव्हा रीत कुणाला सुचते?

"मामा, एक सांगा. घमेलं राशीत घातलं की लाभ म्हणता, की पोत्यात ओतल्यावर?"

"ह्ये काय इचारायचं? वतल्यावर."

"घमेलं नुसतं राशीत घातलं, अजून भरलंही नाही, तेव्हा म्हणता का?"

"न्हाय." राशीपाशी 'न्हाय' म्हटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

"मग वीज चमकली म्हणजे घमेलं राशीत घातलं. अजून ओतलं कुठं? एक पूर्ण सेकंद जाईल तेव्हा ते ओतलं जाईल. तुम्ही चमकल्याबरोबर लाभ म्हणता. इतके दिवस तुम्ही रिकाम्या मापाला लाभ म्हणताय, मामा."

मामांचा हात ताडपत्रीवर तसाच राहिला. किलोमीटर, सेकंद, विजेचा आवाका यांतलं काहीही या माणसाला कधी लागलं नव्हतं. पण रिकाम्या मापाला लाभ म्हणणं म्हणजे काय, ते त्यांना कळत होतं. आयुष्यभर त्यांनी एकाही राशीवर असं केलं नव्हतं.

"रिकाम्या मापाला?" ते हळूच म्हणाले.

"हे घड्याळ बघा. हा काटा. एक टिचकी म्हणजे एक घमेलं. चमकली की गप्प राहायचं, माप भरू द्यायचं. पहिल्या टिचकीला लाभ."

आम्ही दोघं त्या घड्याळावर वाकलो. अंगावर टपोरे थेंब पडायला लागले होते. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की मोजायचं कशाला, पळा. पण मामा हे मोजल्याशिवाय हलणार नाहीत हेही मला पक्कं ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्याचाच मला सगळ्यात जास्त वैताग येत होता.

लख्ख झालं. मामांनी ओठ मिटले. काटा हलला.

"लाभ," ते म्हणाले. काटा पुन्हा हलला. "दोन..."

आणि कडाड झालं. तीनचा 'ती' त्यांच्या तोंडातच राहिला.

दोन. म्हणजे पुरा पाऊण किलोमीटरही नाही. मामांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. ताडपत्रीची कड त्यांच्या हातातून आपोआप सुटली आणि ते म्हणाले, "पळ, सूनबाई."

आम्ही पळालो. मामांचे गुडघे दुखतात, रोज सकाळी उठताना ते दहा वेळा देवाचं नाव घेतात, पण त्या दिवशी ते पळाले. जीपपाशी पोचलो तर दार आतून लावलेलं. मामांनी काचेवर थाप मारली. म्हातारीनं दार अर्धवट उघडलं आणि त्यांना म्हणाली, "दादा, तुमी या. चढा बिगीबिगी."

पाऊस आता नीट सुरू झाला होता. मामा चढले नाहीत. त्यांनी दार धरून पुरतं उघडलं.

"आदी सूनबाई चढंल. मंग मी."

"दादा, आवं पर ती..."

"ती चढली तर मी चढंन. न्हाय तर मी हितंच उबा ऱ्हातो, अन् माज्यावर पडली तर तुज्या नावानं पडंल. सरक तिकडं!"

या माणसाच्या घरात मी इतके पावसाळे कोठीमागं काढले होते. सासूबाई मला आत नेत तेव्हा हे ओसरीतच बसलेले असत आणि एक अक्षर बोलत नसत. मला त्या क्षणी कृतज्ञता वगैरे काही वाटली नाही. मला वाटलं, हेच आधी बोलला असतात तर काय झालं असतं? पण मी चढले. ते माझ्या मागून चढले आणि दार ओढून घेतलं.

आम्ही सात माणसं कोंबडीच्या खुराड्यात बसावी तशी बसलो होतो. म्हातारीचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला होता, आणि ती तो चोरूही शकत नव्हती, जागाच नव्हती. मागची एक बाई म्हणाली, "टायर रबराचे हायत म्हनून गाडीत इज येत न्हाय." मी म्हटलं, "टायरनं काही होत नाही. पत्र्यानं होतं. पडलीच तर ती बाहेरच्या पत्र्यावरून जमिनीत उतरते." अशा वेळीही मी चूक दुरुस्त केल्याशिवाय राहत नाही, हा माझा स्वभाव आहे.

आणि मग मोजायला काही उरलंच नाही. उजेड आणि आवाज एकाच वेळी आले. मध्ये लाभ नव्हता, टिचकी नव्हती, काही नव्हतं. गडगडाटसुद्धा नव्हता, नुसता एक कडाका, आणि डोळ्यांपुढं पांढरं. बायकांनी किंचाळून एकमेकींना धरलं. म्हातारीनं धरलं ते मला, दोन्ही हातांनी, माझ्या दंडात तिची नखं रुतली.

काचेवरचं पाणी ओघळल्यावर दिसलं. लिंबाची साल शेंड्यापासून बुडापर्यंत सोलून निघाली होती आणि खोडातून वाफ येत होती. एक फांदी खाली पडली होती. पाण्याचा कॅन फुटला होता आणि भाकरीची फडकी काळी पडली होती. बायका सकाळी जिथं बसून जेवल्या होत्या, ती जागा होती ती.

पाऊस नुसता टपावर वाजत होता. मग मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "पायाळू हाय ना. म्हनून आली हितवर."

चाळीस वर्षं ज्याची वाट बघत होते ते वाक्य एकदाचं आलं होतं. आम्ही वाचलो, ते माझ्या किल्लीमुळं, माझ्या घड्याळामुळं, आणि बोल लागला तो माझ्या पायांना.

मामांनी मागं वळून विचारलं, "पायाळू कुठं हाय?"

"ह्या काय, बाई."

"बाई जीपमधी. अन् इज पडली लिंबावर. लिंब काय पायांनी जन्माला आला व्हता का?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळ्याच हसायला लागल्या, आणि हसता हसता दोघी-तिघी रडल्या. म्हातारीनं माझा दंड मात्र सोडला नाही.

शेवटचा गडगडाट होऊन अर्धा तास होईपर्यंत मी कुणालाही उतरू दिलं नाही. मामा तीनदा दाराच्या कडीला हात लावायला गेले. प्रत्येक वेळी लांब कुठंतरी गुरगुरलं आणि मी अर्धा तास पुन्हा पहिल्यापासून धरला. बाहेर त्यांची रास भिजत होती आणि ते ती बघत होते. ते मला काय काय म्हणाले ते लिहिण्यासारखं नाही.

गावात पोचलो तर बातमी आमच्या आधी पोचलेली. आभाळात उजेड आधी येतो आणि आवाज मागून, पण गावात बोभाटा आधी येतो आणि उजेड पडायचा तेव्हा पडतो. सासूबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "पडली ना तुज्यापायी?" मी चपला काढल्या आणि आत निघून गेले. म्हातारी दोन दिवसांनी आली. मला वाटलं काही बोलेल. ओसरीत पालथी पडली आणि म्हणाली, "बाई, जीपमधी लई आकडून बसले, उसण भरली. पाय लावा." मी लावला. काय करणार?

भिजलेले दाणे मामांनी अंगणात पसरून वाळवले आणि पुन्हा रास केली. मी चहा घेऊन गेले तेव्हा ते घमेलं भरत होते. भरलं, उचललं, पोत्यात पुरतं रिकामं केलं, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "लाभ." एवढंच. आभार मानणं त्यांच्या खानदानात नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात संध्याकाळी पुन्हा आभाळ भरून आलं. सासूबाई सवयीनं उठल्या, मला म्हणाल्या, "चल, आत बस." आणि विळा शोधायला लागल्या.

मामा ओसरीतून म्हणाले, "आसू दे तिला हितं. मोजंल कोण मंग?"

सासूबाई विळा हातात घेऊन उभ्याच राहिल्या. लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदाच, ढग आलेले असताना मी ओसरीत सगळ्यांबरोबर बसले. चहाचा कप हातात होता. समोर पार नदीपलीकडचं रान दिसत होतं. लख्ख झालं. किती मोठी असते वीज, मला तोवर ठाऊकच नव्हतं, घरातून मी ती फक्त दाराच्या फटीएवढी बघितली होती, आणि रानात त्या दिवशी नजर घड्याळावरच होती. मामांनी ओठ मिटले आणि माझ्या घड्याळाकडे बघितलं. लाभ, दोन, तीन. आम्ही दोघं मोजत राहिलो. आवाज नवाला आला.

मी कप खाली ठेवला आणि उठले. "आत चला," मी म्हटलं. "सगळे."

मामा माझ्या तोंडाकडे बघत राहिले. "आगं, आत्ता तर कुठं बसलीस."

"नऊ झाले, मामा. चला."

मी सासूबाईंच्या हातातला विळा घेऊन कोनाड्यात ठेवला. त्या आधी आत गेल्या. मग कुरकुरत मामा. मी शेवटी आत आले आणि दार लावून घेतलं.